कडेला उभी असलेली नात

कल्याणच्या एका हॉलमध्ये आजींचा अमृतमहोत्सव झाला. घरच्या ग्रुप फोटोत सगळे होते, फक्त बंगळूरची नात नव्हती. तिला मागच्या रांगेत, मामाच्या खांद्यामागे उभं करायचं काम माझ्याकडे आलं. ग्रुप फोटो कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटरच्या लेन्सने, सहाएक मीटरवरून काढलेला. नातीचा मिळाला तो मोबाइलवरचा. ठाण्याच्या तलावपाळीवर मैत्रिणींबरोबर ती अगदी उजव्या कडेला उभी, एक हात पुढे रेलिंगवर. डोंबिवलीत बसून मी रोज अशीच माणसं एका फोटोतून दुसऱ्यात नेत असतो, त्यामुळे मला ते काम सोपं वाटलं.

मी तिला कापली, उंची जुळवली, उजेड आणि रंग सारखे केले आणि नमुना पाठवला. आजींनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ही एवढी कशी सुटली?"

आजींची नजर बरोबर होती. मग मी अजून एक चूक केली. लेन्सचा दोष समजून मोबाइलच्या फोटोवर लेन्स करेक्शन चढवलं. नात तशीच राहिली, उलट तलावाचं रेलिंग मधोमध वर उचललं गेलं. तेव्हा लक्षात आलं की मूळ फोटोत रेलिंग सरळच होतं. मोबाइल फोटो साठवतानाच रेषांचा बाक काढून टाकतो. जो बाक आधीच गेलाय तो पुन्हा काढायला गेलं, की रेष उलट्या बाजूला वाकते. म्हणून आता मी आधी फोटोत एखादी भिंत, दार, रेलिंग शोधतो. रेष सरळ असेल तर तिला हात लावायचा नाही.

मग नात रुंद का दिसत होती? रेषा सरळ ठेवायची किंमत कडेच्या गोल गोष्टी मोजतात. मोबाइलची नेहमीची लेन्स 26 मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे आडवा फोटो सुमारे 67 अंशांचा परिसर घेतो. नात मध्यापासून साधारण 28 अंश उजवीकडे होती. तिथे डोकं, खांदा, सगळंच बाहेरच्या दिशेने 13 टक्के ताणलं जातं. मध्यावरची मैत्रीण मात्र जशी आहे तशी येते. नुसती रुंदी दाबून हे पुरतं जात नाही, कारण ताण फोटोच्या मध्यापासून बाहेर जातो. कडेला वरच्या कोपऱ्याकडचं डोकं तिरपं ओढलं जातं, खांदा आडवा.

खरा उपाय कॅमेरा मनातल्या मनात वळवण्याचा आहे. फोटो काढणारी मैत्रीण त्याच जागी उभी राहून नातीकडे वळली असती, तर नात मध्यावर आली असती. जागा न बदलता कॅमेरा नुसता वळवला, तर काय कशाच्या मागे लपतं यात काहीच फरक पडत नाही. म्हणून हे गणित नंतरही बिनचूक करता येतं. ह्युगिन हे पॅनोरामा जोडायचं फुकट सॉफ्टवेअर मी त्यासाठी वापरतो. एकच फोटो घ्यायचा, HFOV मध्ये 67 भरायचे आणि चित्र ओढून नातीला मध्यावर आणायचं. तिचा खांदा डोळ्यांदेखत आवरला गेला.

यासाठी मूळ, न कापलेला फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला, तर लेन्सची माहिती पुसली जाते. आणि कुणी कडा कापून पाठवला असेल, तर खरा मध्य कुठे होता हेच कळत नाही. मी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने गेली नाही, आणि जाणारही नव्हती. लोक तिला फोकल लेंग्थचा फरक म्हणतात. खरं तर तो अंतराचा फरक आहे. फोटो काढणारी मैत्रीण नातीपासून सव्वा मीटरवर उभी होती. रेलिंगवरचा हात चेहऱ्यापेक्षा 40 सेंटिमीटर पुढे, म्हणजे कॅमेऱ्यापासून जेमतेम 85 सेंटिमीटरवर. तो चेहऱ्याच्या मानाने जवळपास दीडपट मोठा आलेला. सहा मीटरवरून तोच हात फार तर 7 टक्के मोठा दिसला असता. चेहऱ्यातला फरक त्यामानाने थोडा, पण हा हात ग्रुपमध्ये शोभला नसता. तो मी मामाच्या खांद्यामागे लपवला. सेल्फी असता तर मी काम घेतलंच नसतं. अर्ध्या मीटरवरून नाक कानांच्या मानाने पाव हिश्शाने मोठं येतं, आणि झाकले गेलेले कान आणायचे कुठून?

दुसरा नमुना मी स्वतः घेऊन गेलो. आजी एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत मागच्या रांगेपर्यंत आल्या, नातीपाशी थांबल्या.

"हा ड्रेस मी पाहिला नव्हता गं हिचा," त्या सुनेला म्हणाल्या.