३.३ लिहिलं, तरी चूक कसं?

या वेळचा धडा मी मुलांना शिकवण्याआधी एका मुलीने मला शिकवला.

दशांश अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव व्हावा म्हणून मी पायथॉनमध्ये एक छोटी चाचणी तयार केली होती. घरी तपासताना ०.५ + ०.२५ ही बेरीज घातली, ०.७५ उत्तर दिलं, पडद्यावर "बरोबर" आलं. मी निश्चिंत झाले.

वर्गात मात्र एका मुलीला १.१ + २.२ ही बेरीज आली. तिने ३.३ टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं "चूक". तिने वहीत पुन्हा बेरीज केली, पुन्हा ३.३ टाइप केलं, पुन्हा "चूक". शेवटी हळूच म्हणाली, "बाई, मला दशांश चिन्ह कुठे द्यायचं तेच कळत नाहीये बहुतेक." गणित बरोबर असून मूल स्वतःवरच शंका घेत होतं. चूक माझी होती, आणि ती या एका ओळीत होती:

```python
if a + b == uttar:
```

मी तिच्यासमोरच संगणकाला बेरीज छापायला सांगितली. उत्तर आलं `3.3000000000000003`. सोळाव्या दशांश स्थळावर एक ३ बसला होता. `==` ही खूण "अगदी तंतोतंत तेच आहे का?" असं विचारते, म्हणून प्रोग्रॅमने "नाही" म्हटलं.

हा ३ आला कुठून? आपण १/३ दशांशात लिहायला गेलो तर ०.३३३... संपतच नाही, कुठेतरी थांबावं लागतं. संगणक द्विमान पद्धतीत लिहितो. तिथे छेद २, ४, ८ असा दोनचा घात असेल तरच अपूर्णांक संपतो. १/१० तिथे 0.000110011... असा आवर्ती होतो. पायथॉन ५३ द्विमान अंकांवर थांबतो, म्हणजे १.१ आणि २.२ साठवतानाच किंचित बदलतात. माझे ०.५ आणि ०.२५ मात्र १/२ आणि १/४ असल्यामुळे अचूक साठवले गेले. म्हणूनच घरी दोष दिसला नाही. तुम्ही तपासाल तेव्हा ०.१, १.१ असे आकडे आवर्जून घाला.

उपाय नववीच्या बीजगणितात आहे. |x − a| म्हणजे संख्यारेषेवर x आणि a यांच्यातलं अंतर. दोन संख्या समान आहेत का, असं न विचारता त्यांच्यातलं अंतर पुरेसं कमी आहे का, असं विचारायचं:

```python
if abs(a + b - uttar) < 0.001:
```

म्हणजे बेरजेच्या दोन्ही बाजूंना ०.००१ इतकी सूट. मी घाईत आधी `abs` विसरले होते, आणि तेव्हा उलटीच गंमत झाली. कोणी उत्तर ५ दिलं तर ३.३ − ५ = −१.७. ही संख्या ०.००१ पेक्षा लहानच, म्हणून ५ सुद्धा "बरोबर"! ऋण फरक कितीही मोठा असला तरी निसटतो. केवलमूल्य कशासाठी, हे मुलांना इतकं थेट पटवणारं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता सूट ०.००१च का? माझ्या चाचणीत उत्तरं एका दशांश स्थळाची. चुकलेलं सगळ्यात जवळचं उत्तर ३.२ किंवा ३.४, म्हणजे ०.१ दूर. सूट त्याहून बरीच लहान हवी, आणि संगणकाच्या सोळाव्या स्थळावरच्या फरकाहून बरीच मोठी. ०.००१ या दोन्हींच्या मध्ये आरामात बसते.

पण ती सगळीकडे चालत नाही. विज्ञानाच्या चाचणीत केसाची जाडी ०.००००७ मीटर असं उत्तर असेल आणि मुलाने ०.०००७ लिहिलं, तर दहापट चुकूनही फरक ०.००१ पेक्षा कमीच, म्हणून "बरोबर" ठरेल. अशा वेळी सूट उत्तराच्या प्रमाणात ठेवावी. पायथॉनचं `math.isclose(x, y)` तेच करतं. मात्र अपेक्षित उत्तर शून्य असेल तर शून्याच्या प्रमाणातली सूटही शून्यच, म्हणून तिथे `abs_tol` स्वतः द्यावी लागते.

आणि रुपये-पैशांचा हिशेब असेल तर सूट नकोच. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा. तिथे `==` बिनधास्त चालतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तीच बेरीज पुन्हा दिली. "बरोबर" आलं. तिने विचारलं, "बाई, मग काल चूक कोणाची होती?" मी सांगितलं, "माझी गं." तुमच्या शाळेच्या चाचणीतही ती ओळ एकदा शोधून पाहा.