कानासमोरची खळी

मिरज

चि. मृणाल,


फोटो मिळाले. शेवटचा मोठा करून नीट पाहिला. बाळीच्या डाव्या कानाची वरची कड जिथे गालाच्या बाजूने खाली उतरते, त्याच्या किंचित पुढे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. भोवतीची कातडी नेहमीच्या रंगाची, कोरडी, सूज नाही. तू लिहिलंस की सासूबाईंनी फोनवर विचारलं, ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का, आणि तेव्हापासून तुझ्या मनातून ते जात नाही. आधी तेच काढून टाकते.

बाहेरचा कान घडायला लागतो तेव्हा गर्भ जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. कानाच्या जागी आधी सहा बारीक उंचवटे येतात, तीन जबड्याच्या बाजूचे आणि तीन त्यामागचे. विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून आजही ते त्याच्या नावाने ओळखले जातात. हे उंचवटे वाढत एकमेकांत मिसळतात आणि त्यांचाच कान होतो. मिसळताना दोघांमध्ये एखादी फट राहून गेली, तर कातडीचा एक बारीक बोगदा आत अडकतो. बाळीच्या कानासमोर दिसतं ते त्या बोगद्याचं तोंड. हे सगळं घडलं तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे तुला नुकतंच कळत होतं. सुरीचा, ग्रहणाचा, तुझ्या खाण्यापिण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांग.

ही खळी मुळीच दुर्मीळ नाही. युरोप-अमेरिकेत शंभर बाळांत एकाहूनही कमी जणांना असते, तैवानमध्ये दोनेक जणांना, आणि आफ्रिकेच्या काही भागांत चार ते दहा जणांना. बऱ्याचदा ती एकाच बाजूला असते. घराण्यात चालत आलेली असली की दोन्ही बाजूंना असण्याची शक्यता वाढते, तेव्हा दुसरा कानही उजेडात नीट बघ.

आणि आपल्याकडे ती घराण्यातलीच आहे. तुझ्या बाबांच्या उजव्या कानासमोर जो पांढरट, आत ओढलेला व्रण आहे, तो लहानपणी सायकलवरून पडल्याचा असं तू समजत आलीस. तो याच खळीचा आहे. तुझ्या कानाला काही नाही, तरी तुझ्यातून ते बाळीपर्यंत गेलं, कारण हा गुण पुढे जातो पण ज्याच्याकडे गेला त्या प्रत्येकात दिसतोच असं नाही. मधली पिढी कोरी जाणं नेहमीचं आहे.

दादाची, म्हणजे तुझ्या बाबांची, गोष्ट तुला सविस्तर सांगते, कारण ही खळी बिघडली तर काय करावं आणि काय करू नये हे त्यातच आहे.

त्याला जन्मापासून खळी होती आणि ती कधी कोणाच्या लक्षातही यायची नाही. तो नववीत असताना कानासमोर गालाकडे लाल, दुखरी गाठ आली. घरात सगळ्यांनी ती गळू धरली. आईने अळशीचं पोटीस बांधलं, गळू फुटलं, पू गेला, जखम भरली. दोन-तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा. या वेळी एका डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पुन्हा भरलं, पुन्हा आलं, पुन्हा चीर. मग तिथे एक ओली जखम कायमचीच राहिली. कधी खपली धरायची, कधी तिच्यातून पाणी यायचं. कोणीतरी क्षयाची शंका काढली आणि घरात रात्रभर दिवा जळला. आपल्याकडे न भरणारी, वाहती जखम दिसली की ही शंका घ्यावीच लागते. पण छातीचा फोटो स्वच्छ होता.

सगळ्यांची नजर जखमेवर होती, आणि जखम खळीपासून चांगली अंगठाभर पुढे, गालावर होती. खळी वर, केसांच्या आड. या दोघांचा संबंध असेल असं कुणाला वाटलंच नाही. शेवटी एका वयस्क सर्जननी केस मागे सारून खळी बघितली, तिच्यात बोथट सुईने निळ्या औषधाचे दोन थेंब सोडले, आणि ते निळं गालावरच्या जखमेतून बाहेर आलं. मी तिथेच उभी होते. पुढे मी कान-नाक-घसा हा विषय घेतला, त्याची सुरुवात तिथे झाली असं मला अजून वाटतं.

आत काय असतं ते समजलं की हे सगळं उलगडतं. तो बोगदा आतून कातडीनेच मढलेला असतो. बाहेरच्या कातडीसारखीच तीही झडते, तिलाही तेलकट स्राव सुटतो. तोंड मोकळं असेल तर हा मळ आपसूक बाहेर पडतो. म्हणून कधी खळीतून किंचित पांढरा, चिकट कण दिसला तरी घाबरू नकोस. लाली नाही, दुखत नाही, तर तो पुसून टाकला की झालं. बहुतेकांच्या आयुष्यात याहून जास्त काही कधी घडत नाही. तोंड चोंदलं, मळ आत साचला आणि त्यात जंतू शिरले, बहुधा कातडीवर नेहमी असणारे स्टॅफिलोकोकस, की गळू होतं. बोगदा सरळही नसतो. त्याला फाटे फुटतात आणि त्याचं टोक कानाच्या कूर्चेला चिकटलेलं असतं. म्हणून पू भलत्याच जागी, गालावर वाट काढतो.

नुसती चीर दिली की पू जातो, पण बोगदा तसाच राहतो. शिवाय प्रत्येक चिरेचा व्रण आतल्या फाट्यांना गुंडाळून टाकतो आणि पुढे ते शोधणं कठीण होतं. हरळीचं मूळ तोडलं तर उरलेल्या तुकड्यातून ती पुन्हा उगवते, तसंच हे. दादाला आधी अँटिबायोटिक देऊन सूज पूर्ण उतरू दिली, काही आठवडे सगळं शांत राहिलं, आणि मगच शस्त्रक्रिया केली. पुन्हा निळं औषध भरून बोगदा रंगवून घेतला, आणि खळीच्या तोंडापासून कूर्चेपर्यंत तो सगळाच्या सगळा काढला. टोक चिकटलं होतं तो कूर्चेचा छोटा कपटाही काढला. तो ठेवला असता तर खेळ पुन्हा सुरू झाला असता. त्यानंतर आजतागायत त्याला काही झालेलं नाही. आता बरेच सर्जन चीर कानाच्या वर वाढवतात आणि कानशिलाच्या स्नायूवरच्या पडद्यापर्यंत जाऊन, तो पडदा आणि कूर्चा यांच्यामधला सगळाच मऊ भाग एकत्र काढतात. नुसता बोगदा शोधत गेल्यावर जितकं उलटतं, त्यापेक्षा असं केल्यावर बरंच कमी उलटतं.

बाळीला आज यातलं काहीही लागत नाही. कोरडी, शांत खळी काढायची नसते, फक्त ती तशीच असू द्यायची. मालिश करतेस ते कर, पण तेल आणि डाळीचं पीठ खळीवर चोळू नकोस, ते आत जाऊन बसतं. कानात तेल घालायचं नाही हे तुला माहीत आहेच. आंघोळीनंतर मऊ कापडाने ती जागा टिपून घे. दाबून मळ काढायचा नाही, काडी घालायची नाही, आणि आत किती खोल आहे ते कुणालाही बघू देऊ नकोस.

भोवती लाली आली, हात लावला की रडली, त्या कुशीवर निजवली की कळवळली, गालाकडे सूज उतरली किंवा वास येणारा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर कारण काही असो, वाट बघत बसायचं नाही. गळू धरलंच तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांग की ही खळी जन्माची आहे. पू काढावाच लागला तर शक्यतो सुईने ओढून काढता येईल का ते विचार. चीर द्यावीच लागली, तर ती लहान असू दे. आणि असं वारंवार झालं, तरच दादासारख्या शस्त्रक्रियेचं बोलणं.

दोन गोष्टी मात्र आता बघून घे. तिकडे लीड्समध्ये नवजात बाळांची श्रवणचाचणी होतेच. कानात मऊ बोंडी ठेवून बारीक टिकटिक ऐकवतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. बाळ झोपलेलं असलं तर काही मिनिटांचं काम. ती अजिबात चुकवू नकोस आणि खळीचा उल्लेख तिथे कर. दुसरं, बाळीची मान. फार क्वचित ही खळी एका मोठ्या आनुवंशिक दोषाचा भाग असते. त्यात ऐकणं कमी असतं, मूत्रपिंडं नीट घडलेली नसतात, आणि मानेच्या खालच्या भागात पुढच्या बाजूला असंच एखादं छिद्र असतं. साधारण चाळीस हजारांत एकाला होणारी ही गोष्ट आहे. मानेवर काही नाही, कानांची घडण नीट आहे, चाचणी पास झाली, आणि तुझ्या सासरी, केतनरावांच्या घरी लहानपणापासूनचा बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही, तर पोटाच्या सोनोग्राफीची गरज नाही. आपल्या घरात यातलं काहीही नाही, एवढं मी खात्रीने सांगते. छिद्र कानाखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी असतं तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं, कारण ते बोगदे चेहऱ्याच्या मज्जातंतूजवळून जातात. बाळीची खळी त्या जातीची नाही.

बारशाला कान टोचायचे म्हणतेस. खालच्या पाळीला टोचायला काहीच हरकत नाही, पाळी या खळीपासून लांब असते. पण कुणी कौतुकाने म्हणेल की देवानेच भोक पाडून दिलंय, त्यातच सोन्याची तार घालू, तर ते ठाम नाही म्हणून सांग. वरच्या कडेलाही टोचायचं नाही, तिथे कूर्चा आहे आणि खळी जवळच आहे. श्रवणचाचणीचं काय झालं ते लगेच कळव, आणि दुसऱ्या कानाचा आणि मानेचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठव.

तुझी,
आत्या