महिरपी कंसाची जागा

वकिलीच्या मुलांच्या वह्यांमध्ये महिरपी कंस फार असतात. वर्गात चार मुद्दे लिहून होतात आणि मग सर असं एखादं वाक्य बोलतात, जे चारही मुद्द्यांना लागू पडतं. मुलं उजवीकडे उभा कंस काढून चारही ओळी त्यात घेतात आणि कंसाच्या टोकाशी तो शब्द लिहितात. कागदावर हे लख्ख कळतं. टाइप करायला घेतलं की मात्र त्या शब्दाला जागा सापडत नाही. टाइप केलेल्या टिपणात प्रत्येक ओळ कुठल्या तरी एकाच मुद्द्याच्या पोटात जाते, आणि हा शब्द तर चौघांचा असतो.

पुण्यात विद्यार्थ्यांच्या नोट्स टाइप करून देण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. ही अडचण हात आपोआप सोडवायचा, त्यामुळे तिच्याविषयी बोलायची वेळ कधी आली नव्हती. आता माझी बोटं सकाळी आखडतात, म्हणून हाताखाली एक मुलगी घेतली आहे. ती स्वतः कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काकू, हे इथंच का? वर का नाही?" असं ती प्रत्येक पानाला विचारते, आणि मला उत्तर द्यावं लागतं.

आमचा सगळ्यात लांबलेला वाद भारतीय करार अधिनियम, १८७२ मधल्या मुक्त संमतीवरून झाला. कलम १४ प्रमाणे संमती मुक्त नसण्याची पाच कारणं आहेत. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीचं निवेदन आणि चूक. एका मुलाच्या वहीत पाचही एकाखाली एक होती. पहिल्या चारांना कंस होता आणि त्यापुढे 'व्हॉइडेबल' लिहिलेलं होतं. आधी कुणीतरी केलेली एक टाइप प्रतही त्या मुलानं सोबत आणली होती. तिच्यात 'व्हॉइडेबल' हा चुकीच्या निवेदनाचा पोटमुद्दा झाला होता, कारण वहीत तो शब्द त्या ओळीच्या सर्वांत जवळ पडला होता. ती प्रत पाठ करणारा मुलगा कपटानं झालेल्या कराराचं काय होतं हे सांगू शकणार नाही. तोच शब्द शेवटी सहावा मुद्दा म्हणून टाकला असता, तर संमती बिघडवणारं सहावं कारण तयार झालं असतं.

माझी कसोटी अशी आहे. वरची ओळ आणि खालची ओळ जोडून एकच वाक्य म्हणून वाचायची, आणि मग एकाच पातळीवरच्या सगळ्या ओळी त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत का ते पाहायचं. 'संमती कशामुळे मुक्त राहत नाही?' याला जबरदस्ती हे उत्तर आहे, कपट हे उत्तर आहे, 'व्हॉइडेबल' नाही. ते 'मग कराराचं काय होतं?' या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. हा प्रश्न वर्गात कुणी मोठ्यानं विचारलेला नसतो, म्हणून वहीत त्याचं शीर्षक नसतं. ते शीर्षक टाइप करणाऱ्यानं घालायचं. महिरपी कंस दिसला की तिथं एक न लिहिलेलं शीर्षक आहे असं मी धरते.

मग मांडणी अशी झाली. २.१ कारणं, त्याखाली २.१.१ ते २.१.५. नंतर २.२ परिणाम. २.२.१ मध्ये पहिली चार कारणं, करार व्हॉइडेबल, कलम १९ आणि १९-अ. २.२.२ मध्ये चूक, आणि तिच्या पोटात तीन ओळी, कारण तिचे परिणाम निराळे आहेत. दोन्ही पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत चूक असेल तर करार व्हॉइड, कलम २०. भारतात लागू असलेल्या कायद्याबाबत चूक असेल तर तेवढ्यानं व्हॉइडेबल नाही, कलम २१. एकाच पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक असेल तरी तेवढ्यानं नाही, कलम २२.

एक ओळ तरीही उरली. साधी खबरदारी घेऊन सत्य कळू शकलं असतं, तर करार व्हॉइडेबल ठरत नाही. वहीत ती कपटाच्या शेजारी बाण काढून लिहिली होती. पण हा कलम १९ चा अपवाद आहे, चुकीचं निवेदन आणि कपटाचं मौन एवढ्यालाच लागणारा. म्हणून ती २.२.१ च्या पोटात गेली. तिथं ती एकटीच होती आणि एकट्या पोटमुद्द्याला मी क्रमांक देत नाही. २.२.१.१ लिहिलं की वाचणारा २.२.१.२ शोधत बसतो. 'अपवाद' एवढा शब्द पुढे ठेवून ओळ आत सरकवली. खटल्यांचंही मी तसंच करते. आत्महत्येची धमकी ही जबरदस्ती ठरवणारा मद्रासचा १९१७ चा चिक्कम अम्मिराजू खटला जबरदस्तीच्या खाली जातो, बिनक्रमांकाचा. तो त्या मुद्द्याचा दाखला असतो, भाग नसतो.

त्या मुलानं आणलेल्या प्रतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती शोधायला मला वेळ लागला. टाइप करणाऱ्यानं ओळीच्या सुरुवातीला 'कलम' न लिहिता नुसतं `15.` टाइप केलं होतं. वर्डनं ती क्रमवार यादी समजून पुढच्या ओळींना आपोआप १६, १७, १८ दिले. योगायोगानं तीच खरी कलमं आहेत, म्हणून कुणाला शंका आली नाही. पाचव्या ओळीला, म्हणजे चुकीला, वर्डनं १९ दिला. चूक कलम २० पासून सुरू होते. चार ओळी बरोबर निघाल्यावर पाचवी कोण तपासतो? म्हणून माझ्याकडे कायद्याच्या आकड्याआधी 'कलम' शब्द असलाच पाहिजे आणि तो आकडा हातानं टाइप केलेला पाहिजे. टिपणाचे क्रमांक मात्र कधीच हातानं नाहीत. ते शीर्षकांच्या स्टाइलला जोडलेल्या बहुस्तरीय यादीतूनच यायला हवेत. १८९९ मध्ये नवीन कलम घालताना कायद्याला पुढचे क्रमांक हलवता येत नव्हते, म्हणून १९-अ आलं. टिपणात मधे मुद्दा आला तर पुढचे क्रमांक हललेच पाहिजेत, आणि ते आपोआप हलले पाहिजेत.

आमच्याच रस्त्यावर काही जण सगळ्याला काळे ठिपके देऊन मोकळे होतात. ठिपका दिला की कोण कुणाच्या पोटात आहे हे ठरवावंच लागत नाही. मी याला काम म्हणत नाही. काही जण स्पेसबार दाबून ओळी आत ढकलतात आणि फाँट बदलला की सगळं वाकडं होतं. अ, ब, क, ड मला मनापासून आवडतात, पण वर्डच्या तयार यादीत क, ख, ग आहेत आणि अ, ब, क, ड नाहीत. हातानं घालायचं नाही हा नियम मोडण्यापेक्षा मी दशांशाचे क्रमांक स्वीकारले.

मुक्त संमतीच्या पानाला त्या मुलीनं तक्ता सुचवला. पाच ओळी, कलम आणि परिणाम असे रकाने. तक्त्यात अपवादाला जागा मिळत नाही म्हणून मी नकार दिला, आणि ते कारण खरंच आहे. पण त्यामागे अहंकारही होता. माझी टिपणं झेरॉक्सच्या दुकानात नाव नसतानाही ओळखू येतात, आणि ती तशीच दिसावीत असं मला वाटतं. पुढच्याच पानावर तिनं एक न लिहिलेलं शीर्षक माझ्याआधी शोधलं. मला आनंद झाला, पण त्याआधी असूया वाटली.

नोट्स टाइप करायला देणाऱ्या मुलांना एकच सांगणं आहे. वही फेअर करून आणू नका. फेअर करताना तुम्ही सगळ्यात आधी कंस आणि बाण गाळता, आणि आम्हाला तेच हवे असतात. वर्गात लिहिलेली मूळ पानंच द्या, प्रत्येक पानावर तारीख घाला, आणि सर मागच्या मुद्द्याकडे परत गेले असतील तर तिथं समासात 'मागे' एवढंच लिहा.