टोपीचा अर्ज

माझी भाची खामगावातल्या एका शाळेत तिसरीत आहे. तिला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे केस, भुवया, पापण्या पांढुरक्या आणि कातडी उन्हात भाजते अशी. शाळा उघडायच्या आधी बहीण म्हणाली, "भाऊ, तुले लिहता येते. हेडमास्तरायले अर्ज लिहून दे, पोरीले टोपी घालू द्या अन् क्रीम लावू द्या म्हणून." मी ऐटीत लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीस उन्हाचा त्रास होत असल्याने उन्हाळ्याच्या दिवसांत टोपी वापरण्यास परवानगी मिळावी.' बहिणीनं वाचलं आणि म्हणाली, "उन्हाचा त्रास तं खामगावात साऱ्यायलेच होते. मंग साऱ्या शाळेलेच टोप्या घालाव काय?"

म्हणून तिच्यासोबत अकोल्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. हा कोडाचाच प्रकार असावा, अशी तोवर माझी समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलं की कोडात आधी असलेला रंग पुढे निघून जातो, इथे शरीर मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य मुळातच पुरेसं बनवत नाही. अल्बिनिझम कुणाला लागत नाही आणि वाढतही नाही. मेलॅनिन म्हणजे कातडीची सावली. ती नसल्यानं सूर्याचे अतिनील किरण थेट आत जातात, कातडी भाजते, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. डोळ्यांनाही उजेड सोसत नाही. मी विचारलं, "मग उन्हाळा सोडला तर काळजी नाही ना?" डॉक्टर म्हणाल्या, "ऊन लागणं आणि कातडी भाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णता अंगाला कळते, अतिनील किरण कळत नाहीत." विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मी निर्धास्त होतो. पण खामगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा वर्ग भरलेले असतात. पातळ ढगांतून तर बहुतेक अतिनील किरण खाली येतातच. म्हणजे मी अर्जात घातलेला 'उन्हाळ्याच्या दिवसांत' हा शब्दप्रयोग पावसाळ्यातच तिला भाजवणार होता.

मग टोपी. बाजारातून क्रिकेटवाल्यांसारखी पुढे चोच असलेली टोपी आणली. घरी मुलीला दुपारच्या उन्हात उभं करून पाहिलं, तर कपाळावर सावली, पण दोन्ही कान आणि मान लख्ख उन्हात. डॉक्टरांनी सांगितलेली टोपी वेगळी होती. चारही बाजूंनी साधारण साडेसात सेंटिमीटर काठ हवा, कापड घट्ट विणीचं हवं, आणि उजेडाकडे धरल्यावर त्यातून प्रकाश दिसता कामा नये. अशी टोपी गणवेशात बसत नाही, म्हणून अर्जात तिचं वर्णन करणं भाग होतं. नुसतं 'टोपी' लिहिलं असतं तर शाळेनं कदाचित चोचवालीच मंजूर केली असती. बाजारातून आणलेली आता मी घालतो.

क्रीमच्या बाबतीत माझं ज्ञान जाहिरातीपुरतंच होतं. ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा कातडी लाल करणाऱ्या किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो, आणि पीएपुढच्या अधिकच्या खुणा खोल शिरणाऱ्या किरणांबद्दल सांगतात. डॉक्टरांनी 30 किंवा जास्त एसपीएफ आणि दोन्ही प्रकारच्या किरणांना अडवणारं क्रीम लिहून दिलं. मी भाचीच्या गालावर वाटाण्याएवढं लावून दाखवलं. डॉक्टरांनी माझ्या हातातून ट्यूब घेतली. तिचा चेहरा, कान आणि मानेसाठीच जवळपास चहाचा चमचाभर क्रीम लागतं, शिवाय उघड्या हातापायांचं वेगळं. बाहेर जाण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटं आधी लावायचं, आणि बाहेरच असेल तर दर दोन तासांनी किंवा घाम पुसल्यावर पुन्हा. ट्यूब तापली तर क्रीम बिघडतं, म्हणून ती उन्हात पडलेल्या दप्तरात ठेवायची नाही. एवढं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की शाळेकडे नुसती परवानगी मागून भागणार नव्हतं. ट्यूबसाठी कपाट, लावायला वेळ आणि आठवण करून देणारं कुणीतरी मागायचं होतं.

म्हणून भाचीलाच दिवसाचं वेळापत्रक विचारलं. शाळा साडेदहाला, लगेच परिपाठ मैदानावर, दुपारी मोठी सुट्टी, मंगळवारी-शुक्रवारी पी.टी. मी म्हटलं, "परिपाठाला तर दहाच मिनिटं." ती म्हणाली, "मामा, राष्ट्रगीताले टोपी काढा लागते. अन् पंधरा ऑगस्टच्या कवायतीची प्रॅक्टिस दुपारीच राहते." झेंडावंदन सकाळी लवकर होतं, तेव्हा ऊन तिरपं असतं. खरं भाजणारं ऊन सरावाचं, बाराच्या पुढचं. खामगावात सूर्य माथ्यावर येतोच मुळी साडेबाराच्या सुमारास. सराव दुपारी असतो, हे तिसरीतल्या पोरीनं सांगेपर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

शेवटी उतरलेला अर्ज असा:

प्रति, मा. मुख्याध्यापक
विषय: इयत्ता तिसरीतील विद्यार्थिनीस मैदानावर टोपी व सनस्क्रीन वापरू देणेबाबत

महोदय,
माझ्या मुलीस अल्बिनिझम आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. तिची त्वचा थोड्या वेळाच्या उन्हानेही भाजते व डोळ्यांस प्रखर उजेड सहन होत नाही. हा धोका ढगाळ दिवशीही असतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी वर्षभर पुढील सोय व्हावी, ही विनंती.
1. मैदानावर असताना, परिपाठ व राष्ट्रगीताच्या वेळीसुद्धा, तिला चहूबाजूंनी काठ असलेली टोपी व पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्यावा.
2. मोठी सुट्टी व पी.टी.पूर्वी 15 ते 20 मिनिटे तिला सनस्क्रीन लावण्यास सोडावे. ट्यूब आम्ही देऊ. ती वर्गातील कपाटात ठेवावी. क्रीम ती स्वतः लावेल, वर्गशिक्षकांनी फक्त आठवण करून द्यावी.
3. कवायतीच्या सरावात तिला सावलीत उभे करावे. खेळातून मात्र वगळू नये.
आपली विश्वासू

बहिणीनं सही केली आणि मी अर्ज घेऊन शाळेच्या ऑफिसात गेलो. क्लार्कनं विचारलं, "दुसरी प्रत? पोच कशावर देऊ?" मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळालो. मुख्याध्यापकांनी वाचून एकच शंका काढली, "क्रीम दुसऱ्या मुलांनी मागितलं तर?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. भाची म्हणाली, "सर, मी देईन थोडं." ते हसले आणि अर्जावर शेरा लिहिला, 'वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षक यांनी नोंद घ्यावी. क्रीम इतरांस देऊ नये.'

घरात असं मूल असेल तर अर्ज शाळा उघडते त्याच आठवड्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अल्बिनिझममुळे नजरही कमी असेल आणि चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18च्या वर जात नसेल, तर अपंगत्वाचा दाखलाही काढायला घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 मान्यताप्राप्त शाळांना अशा मुलांच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायला सांगतं. आणि वर्गशिक्षक बदलले की त्या अर्जाची झेरॉक्स नव्या शिक्षकांच्या हातात द्या, कारण शेरा वाचलेला असतो तो जुन्यांनी.