मनीच्या अंगावरचा काटा

ऑक्टोबरातल्या वाऱ्यानं आमच्या डब्लिनच्या घरात चेस्टनटचं एक फळ गडगडत आलं, आणि मनीनं पाठीची कमान करून शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुलवली. तुम्ही हसाल, मीही हसलो. पण दचकलेलं मांजर वस्तू केवढी आहे ते मोजत बसत नाही. आधी अॅड्रेनॅलिन सुटतं, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. कमान करून ती आडवी वळते, म्हणजे समोरच्याला मोठी दिसते. तेच स्नायू आपल्यालाही आहेत. अंगावर काटा येतो तो त्यांच्यामुळेच. आपले केस विरळ, म्हणून आपण फुगत नाही एवढंच. अशा वेळी तिला उचलू नका, ओरबाडेल. थोड्या वेळानं केस बसले आणि मनी स्वतःच फळ हुंगायला गेली.