ताकात गेलं, बेरीत अडकलं

माझ्या लहानपणी घरात दर चौथ्या दिवशी ताक व्हायचं. म्हशीच्या दुधाची साय आई पहिल्याच दिवशी विरजणात घालायची आणि रोजची साय त्यातच ढवळायची. घुसळताना उन्हाळ्यात माठातलं गार पाणी, थंडीत कोमट. नाहीतर लोणी गोळाच होत नसे. निघालेला गोळा ती पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, कारण ताक राहिलं की तूप आंबूस होतं. कढवताना तिचं लक्ष आवाजाकडे. तडतड थांबली, बुडबुडे बारीक झाले, तळाची बेरी बदामी झाली की विड्याचं पान टाकून पातेलं खाली.

आता सूनबाई साय फ्रीजरमध्ये साठवते आणि सरळ कढईत ओतते. “आई, घुसळायचं कशाला? आणि एवढं ताक पिणार कोण?”

म्हटलं, वजन करू. एक किलो साय अर्धी अर्धी वाटली. माझी विरजून, घुसळून वीस मिनिटांत कढली. तूप निघालं १७८ ग्रॅम आणि बेरी जेमतेम चमचाभर. तिची तासभर आटत होती. लोण्यातलं बरंचसं पाणी आणि दुधाचा अंश ताकाबरोबर आधीच निघून जातो. सायीतलं सगळं मात्र गॅसवरच आटवावं लागतं. त्यात तळाशी खव्यासारखा थर धरतो, सतत ढवळलं नाही तर करपतो. गाळल्यावर तिचं तूप भरलं १६५ ग्रॅम. मी जिंकले म्हणेपर्यंत तिनं गरम बेरी फडक्यात घेऊन चमच्यानं दाबली, तर आणखी १७ ग्रॅम निथळलं. म्हणजे तिचं १८२! माझं थोडं तूप ताकात गेलं होतं, तिचं बेरीत अडकलं होतं. तिचं दाबून परत मिळालं, माझं जिरं घालून पिऊन टाकलं.

वजनात फरक चार ग्रॅमचा. चवीत मात्र दोन वेगळी तुपं. तिच्या तुपाला खव्याचा, पेढ्याचा गोडसर वास. दुधाचा अंश तुपातच भाजला गेल्याचा तो गुण. माझ्या तुपाला विरजणाचा खमंगपणा. विरजणातले जिवाणू सायीत आंबटपणाबरोबर लोण्याचा तो खास वासही तयार करतात. कढवताना त्यातला काही उडतो, पण उरतो तेवढा वरणभाताला पुरतो. रवा दोन्हींना सारखाच पडला, कारण तो म्हशीच्या दुधाचा आणि सावकाश निवण्याचा.

आता घरात दोन बरण्या आहेत. बेसनाच्या लाडवांना तिची, वरणभातावर माझी. बेरीचा निकाल मात्र नातवानं लावला. आम्ही भावंडं चमचाभर बेरीत साखर घालून तिघांत वाटून खायचो, भांडायचो. त्याला आईच्या कढईतली वाटीभर मिळते, एकट्याला.