पळणं सोपं, थांबणं अवघड: चिमुकल्यांचा क्रीडादिन

जामुल म्हटलं की बहुतेकांना सिमेंटचा कारखाना आणि शेजारचं भिलाई आठवतं. आमच्या वस्तीत मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया अशी सगळी घरं आहेत. दर जानेवारीत आम्ही काही पालक मिळून पाच वर्षांखालच्या मुलांचा क्रीडादिन घेतो. तुमच्या सोसायटीत किंवा बालवाडीत असा दिवस ठरत असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. मोठ्या मुलांच्या शर्यतीत आपण विचारतो, पहिलं कोण आलं? इथे विचारायचं, मूल थांबणार कुठे?

दोन वर्षांचं मूल पळतं, पण वेगात असताना एकदम थांबणं किंवा वळणं त्याला जमत नाही. शरीराच्या मानाने डोकं मोठं असतं, त्यामुळे तोल पुढे जातो आणि ते तोंडावर पडतं. शिवाय जमिनीवरची शेवटची रेषा त्याला काहीच सांगत नाही. ते रेषेकडे पळतच नाही, ते ओळखीच्या चेहऱ्याकडे पळतं.

रेषेच्या जागी माणूस

म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही एकच शर्यत ठेवतो, ‘माझ्याकडे ये’. अंतर फक्त आठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची दहा-बारा पावलं. एका वेळी चारच मुलं, दोन मुलांमध्ये दीड मीटर जागा. शेवटी प्रत्येकाचं आपलं माणूस उकिडवं बसून हात पसरतं. आई, बाबा, आजी, कुणाची डोकरी दाई, कुणीही चालेल, फक्त मुलाला त्याची सवय हवी. ते माणूस म्हणजेच शर्यतीचा ब्रेक. त्याच्या मागे चार मीटर जागा मोकळी ठेवा. तिथे खुर्ची, भिंत, सायकल काही नको.

इथे पालकांना एक विनंती नक्की करा, मुलाकडे बघायचं, मोबाइल खिशात ठेवायचा. चेहऱ्यासमोर मोबाइल आला की मूल मध्येच थबकतं, कारण ज्या चेहऱ्याकडे ते निघालेलं असतं तोच दिसेनासा होतो. फोटो काढायला एक वेगळा माणूस नेमा आणि त्याला बाजूला उभं करा.

सुरुवातीला मुलाला धरणारं माणूसही ओळखीचं हवं. घरून आई एकटीच आली असेल आणि मूल तिला सोडत नसेल, तर तिने बोट धरून सोबत चालावं. तीही शर्यत पूर्णच धरायची.

चोवीस मुलांची एक सकाळ

समजा चोवीस मुलं आहेत. आठ मुलं तीन वर्षांखालची आणि सोळा मुलं तीन ते पाचची. साडेआठला सुरू करा आणि साडेनऊला संपवा. आमच्याकडे जानेवारीतही दहानंतर ऊन लागायला लागतं आणि तोवर लहानांची झोपेची वेळही जवळ येते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं धाकट्यांची. आठ जणांच्या दोन फेऱ्या ‘माझ्याकडे ये’, मग एका टोपलीतले मऊ चेंडू तीन मीटरवरच्या दुसऱ्या टोपलीत टाकणं. मग ती मुलं आपापल्या माणसाबरोबर सतरंजीवर बसतात.

पुढची अर्धी पाऊण वेळ थोरल्यांची. सोळा मुलांचे चार गट करा आणि चार खेळ एकाच वेळी चालू ठेवा. सात मिनिटांनी डफली वाजली की गट पुढच्या खेळावर जातो. असं केलं की कुणाला रांगेत ताटकळावं लागत नाही, आणि या वयात बहुतेक धक्काबुक्की रांगेतच होते. शिट्टी मात्र टाळा. काही मुलं तिला घाबरतात.

पहिला खेळ बेडूकउडीचा. जमिनीवर पाच गोल काढायचे आणि दोन्ही पाय जुळवून एकेका गोलात उडी मारायची. एका पायावरची लंगडी साधारण चार वर्षांनंतर जमते, तिचा आग्रह नको. दुसरा खेळ लिंबू-चमच्याचा, पण थोडा बदलून. लिंबाऐवजी छोटा बटाटा, चमच्याऐवजी मोठी पळी, आणि पळी हातातच. तोंडात चमचा धरून मूल पडलं तर तो टाळूत किंवा घशात लागू शकतो. तिसरा खेळ आपली लगोरी, जिला इथे पिट्टुल म्हणतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्येही ती होती. मोठी मुलं दगडी चकत्या रचतात, आपण रिकामी खोकी रचायची आणि दोन मीटरवरून मऊ चेंडूने पाडायची. चौथा खेळ पुन्हा पळण्याचा, दहा मीटरवरच्या आपल्या माणसाच्या हातात चेंडू द्यायचा. संगीत खुर्ची ठेवू नका. तिच्यात सर्वात लहान मूल सर्वात आधी बाद होतं आणि मग नुसतं बघत बसतं.

थोरल्यांच्या वेळी अकरा मोठी माणसं लागतात. प्रत्येक खेळावर दोघं, म्हणजे आठ. एक माणूस फाटकावर. तो फक्त मुलं मोजतो, दर बदलाला एकदा, दुसरं काम करत नाही. एक पाणी आणि प्रथमोपचाराजवळ, एक डफलीवर. ही नावं आदल्या दिवशी कागदावर लिहून सगळ्यांना पाठवा. ‘सगळे लक्ष ठेवू’ असं ठरलं की कुणाचंच लक्ष राहत नाही.

मैदान आणि खाऊ

आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा एकदा मैदान चालून बघा. काचा, गोखरूचे काटे, मुंग्यांची वारुळं, उघडी नाली, दव पडलेलं निसरडं गवत. रेषांसाठी चुना नको. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. आम्ही घरं सारवायची छुही माती पाण्यात कालवून झाडूने रेषा ओढतो. तुमच्याकडे रांगोळी चालेल. मुलांना रोजचेच बूट घाला, कोरे नकोत.

जानेवारीत प्रत्येक घरातून तिळगूळ आणि चिक्की येते. ती मोठ्यांसाठी ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, गोल टॉफी, फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि पळताना खाल्लं तर धोका वाढतो. केळं किंवा इडली द्या, तीही बसूनच. बक्षीस सगळ्यांना सारखं द्या. पदकाची फीत गळ्यात न घालता मनगटावर बांधा. घसरगुंडीवर ती अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

खरचटलं तर स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी लावली की पुरतं. डोक्यावर पडलं असेल तर खेळ थांबवून मुलाला जवळ बसवा. उलटी, गुंगी, विचित्र वागणं किंवा न थांबणारं रडणं दिसलं तर लगेच डॉक्टरकडे न्या. चेहरा लालबुंद होणं, मूल मध्येच बसणं, अंगठा चोखणं, आईच्या मागे लपणं, हे ‘पुरे झालं’ असं सांगणं असतं. त्या मुलासाठी क्रीडादिन तिथेच संपवा. ‘अजून एकच खेळ’ म्हणू नका.

शेवट मोजणीने करा. फाटकावरच्या माणसाने प्रत्येक मूल त्याच्या माणसाच्या हातात देऊन नावापुढे खूण करायची. चोवीस खुणा झाल्यावरच सतरंज्या गुंडाळा.